बोर्डाला हात लागलेला नाही

चौदा इंची लॅपटॉप. कंपनीत वापरलेला. नवा नाही, नव्यासारखाही नाही.
झाकणावर उजव्या कोपऱ्यात ओरखडा आहे, तिसरा फोटो पाहा.
स्क्रीनवर मेलेला ठिपका नाही. खालच्या कडेला किंचित पिवळट झाक आहे, पांढऱ्या पानावर दिसते.
सगळी बटणं चालतात. स्पेस बारची चमक गेली आहे.
बॅटरी मूळचीच आहे. साधं काम केलं तर तीन तास जाते, व्हिडिओ पाहिला तर दोनच.
बोर्डाला हात लागलेला नाही.
वॉरंटी तीन महिने. सात दिवसांत परत घेऊ.

हे सगळं स्वप्नालीनं लिहिलं होतं. केजला अंबाजोगाई रोडवर पत्र्याचं दुकान, त्यात तिचं टेबल, टेबलावर एका वेळी चार लॅपटॉप उघडे. नवरा सिद्धाराम पुण्याहून जुना माल आणायचा. साफसफाई, तपासणी, फोटो आणि वर्णन तिचं. पॅकिंग दोघांचं.

वर्णनातली वाक्यं तिनं कशी मिळवली, ते आधी सांगतो. पुढचं सगळं त्यावरच आहे.

*

स्क्रीनवर मेलेला ठिपका नाही.

हे तिनं पाहिलं. स्क्रीन आधी पूर्ण पांढरी करायची, मग काळी, मग लाल, हिरवी, निळी. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं, म्हणजे रस्त्याचा उजेड पडत नाही. मग नाक लावून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. पिवळट झाक तिला दिसली म्हणून तिनं ती लिहिली. सिद्धाराम म्हणाला होता, "अगं, आपण सांगितलं न्हाई तर कुणाला दिसतंय ते?"

"मला दिसतंय की."

"तुला तर आपल्या लग्नाच्या फोटोत पण डाग दिसतो."

"हाय त्यात डाग. तुमच्या शर्टावर, वरणाचा."

*

सगळी बटणं चालतात.

हे तिनं दाबून पाहिलं. एकेक. उजवीकडचं शिफ्टचं बटण लोक विसरतात, ती कधी विसरली नाही.

*

साधं काम केलं तर तीन तास जाते.

हे तिनं बसून पाहिलं. चार्जर काढून, घड्याळ लावून. बॅटरीचा रिपोर्ट काय म्हणतो ते वेगळं आणि बॅटरी काय करते ते वेगळं, असं ती म्हणायची. शिवाय प्रत्येक लॅपटॉपवर ती दोन तास जड प्रोग्रॅम लावून ठेवायची. पंखा ओरडायचा, खालचा भाग तव्यासारखा तापायचा. एवढ्यात जो बंद पडायचा तो विकला जायचा नाही. जो टिकायचा त्याचा चालता व्हिडिओ काढायचा, त्यात मागचा सिरीयल नंबर दिसला पाहिजे, म्हणजे परत येताना दुसराच लॅपटॉप खोक्यात आला तर कळतं.

म्हणून लोक त्यांच्याकडून घ्यायचे. ज्या साइटवर ते ऑनलाइन विकायचे, तिथं दुकानाच्या नावाखाली लोकांनी लिहिलं होतं, जसं लिहिलं तसंच निघालं. एकानं लिहिलं होतं, लिहिल्यापेक्षा ओरखडा लहान निघाला. ते वाचून स्वप्नाली दिवसभर खुशीत होती.

*

बोर्डाला हात लागलेला नाही.

म्हणजे आतला मदरबोर्ड कधी दुरुस्त झालेला नाही. हे तिनं विचारलं. सिद्धाराम मे महिन्यात एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे लॅपटॉप घेऊन आला तेव्हा.

"बोर्डाचं काम झालंय का यातल्या कुणाचं?"

"न्हाई."

"विचारलं का तुमी पुण्यातल्या त्या मालवाल्याला?"

"विचारलं की. हात लागल्याला न्हाई म्हणला." मग खोक्याची चिकटपट्टी फाडत, "आन वॉरंटी या मालाला तीनच महिने लिव्ह. सहा नको."

"कावून?"

"जुनं मॉडेल हाय. पार्ट मिळत न्हाईत."

तिला ते पटलं. आत धूळ नव्हती, पंखे साफ होते, म्हणून तिनं या मालाची मागची झाकणं काढली नाहीत. बाकी सगळं तपासलं. मे महिना, पत्र्याखाली दुकान, टेबलाला हात लावला तर चटका. सगळे लॅपटॉप दोन दोन तास तापून पास झाले.

*

सात दिवसांत परत घेऊ.

जुलैत पाचगणीहून एक परत आला. बबिता नावाच्या बाईनं घेतला होता. ती घरी बसून दोन लॉजांचं बुकिंग आणि हिशेब सांभाळायची, पहिला लॅपटॉप गेला म्हणून हा घेतला होता. परत करण्याचं कारण तिनं साइटवर निवडलं होतं: चालू होत नाही.

खोकं उघडताना स्वप्नालीनं नेहमीप्रमाणे व्हिडिओ सुरू केला. चिकटपट्टी शाबूत, सिरीयल नंबर तोच. झाकण उघडलं, बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, कंपनीचं चिन्ह आलं, स्क्रीन उजळली.

"झालं की चालू," सिद्धाराम म्हणाला.

तिनं बंद करून पुन्हा लावला. झाला. दुपारी लावला, संध्याकाळी लावला. झाला. दोन तासांची परीक्षा पुन्हा घेतली. पास.

वॉरंटी कार्डावर स्वप्नालीचा नंबर होता. बबितानं फोन केला.

"मिळाला का ओ ताई?"

"मिळाला. पण इथं तर चालू होतोय."

"मी काय खोटं बोलतीय का? सकाळी चालूच हुईना. दिवा लागतो, पंखा फिरतो, स्क्रीन काळी ती काळीच. दुपारी जरा ऊन आलं आन खिडकीत ठेवला तर हुतो. परवा तर चुलीजवळ ठेवला, मग झाला."

सिद्धाराम शेजारून ऐकत होता. तो हसला. "चुलीजवळ? लॅपटॉप हाय का भाकर?"

स्वप्नालीनं फोनवर हात ठेवला, पण तिलाही हसू आलं होतं. बबितानं ते ऐकलं असावं.

"ताई, तुमचं वाचून घेतला ओ मी. दुसरे स्वस्त हुते. तुमी स्पेस बारची चमक गेली ते पण लिवलं हुतं, म्हटलं ही बाई खोटं बोलायची न्हाई."

"म्हणून तर सांगते. मी तुमाला व्हिडिओ पाठवते. तुमच्या घरी लाइटचा प्रॉब्लेम असेल. चार्जरचं सॉकेट बदलून बघा."

"सॉकेटचं न्हाई ओ ते."

तिला खरंच वाटत होतं की दोष पाचगणीच्या घरात आहे. तिनं साइटला लिहिलं: दोष आढळला नाही. खोकं उघडल्यापासूनचा व्हिडिओ जोडला, परीक्षेचा जोडला, सिरीयल नंबरचा फोटो जोडला. इतका चोख पुरावा फार कमी विक्रेते देतात. साइटनं निकाल तिच्या बाजूनं दिला. परतावा नामंजूर. लॅपटॉप पुन्हा पाचगणीला गेला.

पंधरा दिवसांनी बबिताचा एकच मेसेज आला. "ताई तुमच्याकडं गरम असंल. मी हितं स्वेटर घालून बसलीय."

*

हा मेसेज तिनं वाचला आणि फोन उलटा ठेवला.

मग सुलटा केला.

मग पत्र्याकडं पाहिलं.

*

शेजारी आप्पारावांचं कोल्ड्रिंक्सचं दुकान होतं. काचेचा उभा फ्रीज, आत ताक, सोडा, पाण्याच्या बाटल्या. स्वप्नालीनं न विकलेला एक लॅपटॉप उघडाच ठेवून पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत घातला, आतली हवा दाबून काढली, तोंड पक्कं बंद केलं. आत दमटपणा गेला तर वेगळाच घोळ होतो.

"आप्पाराव काका, एक कप्पा रिकामा करून द्या की तासभर."

आप्पारावांनी पिशवीकडं पाहिलं. "ह्याची लस्सी करायचीय का सुनबाई?"

"तपासायचं हाय."

"फ्रीजात? सिद्धाराम काय म्हणला?"

"ते गेलेत कुरिअरला."

"मग लई भारी टेस्टिंग हाय हे," म्हणत त्यांनी ताकाचे ग्लास एका बाजूला सरकवले. दोन गिऱ्हाइकं काचेतून लॅपटॉप बघत सोडा पीत उभी राहिली. एक म्हणाला, "बे, ह्यो गरम झाला असंल इंटरनेट बघून बघून." दुसरा हसता हसता ठसकला.

तासाभरानं तिनं दार उघडलं आणि आत हात घालून पिशवीवरूनच बटण दाबलं.

दिवा लागला. पंखा फिरला.

स्क्रीन काळी.

तिनं बटण दाबून धरून बंद केला. पुन्हा लावला. काळी. पिशवी बाहेर काढून दुकानापुढं उन्हात ठेवली आणि शेजारी पायरीवर बसली. प्लास्टिकला बाहेरून घाम आला, तो वाळला. मग पिशवी हाताला कोमट लागायला लागली. तिनं बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं.

"झालं का ओ टेस्टिंग?" आप्पारावांनी आतून विचारलं.

"झालं."

दुकानात त्या मॉडेलचे अजून काही उरले होते. तिनं तेही एकेक करून फ्रीजात घातले. काही चालू झाले. काही नाही झाले. जे झाले नाहीत, त्यांची मागची झाकणं तिनं काढली, पंखा आणि तांब्याची पट्टी काढली. ग्राफिक्सच्या चिपला चारही कोपऱ्यांत कारखान्यातून काळा गोंद लावलेला असतो, चिप हलू नये म्हणून. त्या गोंदाला भाजून तडे गेले होते. आजूबाजूचं सगळं थिनरनं धुऊन काढलं होतं, बोर्ड चकचकीत होतं. गोंद मात्र धुता येत नाही.

कुणीतरी मेलेल्या बोर्डावर गरम हवा मारून चिपखालचं तडकलेलं कथील वितळवलं होतं. असं केलं की लॅपटॉप काही महिने जिवंत होतो. तो तडा भरत नाही, नुसता मिटतो. गरमीत मिटलेला राहतो, थंडीत आकसून उघडतो.

केजच्या पत्र्याखाली मे महिन्यात घेतलेली प्रत्येक परीक्षा त्या तड्याच्या बाजूनं होती.

*

वॉरंटी तीन महिने.

सिद्धाराम आला तेव्हा टेबलावर उघडलेली बोर्डं होती. तो दारातच थांबला. तिनं काही विचारायच्या आधीच त्याचा चेहरा बदलला, आणि तिला विचारायची गरज राहिली नाही.

"माहीत होतं तुमाला."

"काय?"

"बोर्ड भाजल्यात. तुमाला माहीत होतं."

त्यानं गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली. खिशातून कुरिअरच्या पावत्या काढून ठेवल्या. "चालू मशीन होत्या. तू सोता तपासल्यात. दोन दोन तास."

"बंद पडलेल्या मशीन होत्या. त्यांनी भाजून चालू केल्या."

"मंग चालूच झाल्या ना? सगळ्या पुण्यात हेच चालतंय, स्वप्नाली. असा माल न्हाई घेतला तर आपल्याला परवडतच न्हाई. ज्यांचं बोर्ड खरंच कोरं हाय ते मोठे लोक उचलतात, आपल्यापर्यंत येत न्हाईत."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू लिव्हलं असतंस."

तो हे रागानं नाही बोलला. त्यात कौतुकही थोडं होतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

"मी लिव्हते म्हणून माल जातो आपला."

"म्हणूनच म्हणतो."

"आन तीन महिने?"

तो पावत्या एकावर एक सारख्या करायला लागला.

"मे ते जुलैमधी गेलेला माल. तीन महिने म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर. थंडी पडायच्या आत वॉरंटी संपती." ती हे हळू, शब्द शब्द करत बोलली, फळ्यावरचं वाचून दाखवावं तसं. "पार्ट मिळत न्हाईत म्हणाला होतात."

"ते पण खरंच हाय."

"ती बाई पाचगणीची निघाली म्हणून कळलं. न्हाईतर..."

"न्हाईतर काय झालं असतं? डिसेंबरात कुणाचं तरी बंद पडलं असतं. जुनं मशीन हाय, पडतंय बंद. कुणी तुला शिव्या दिल्या नसत्या."

हे तिला माहीत होतं. कुणी दिल्या नसत्या.

तिनं उरलेल्या मालाच्या जाहिराती त्याच्यासमोर साइटवरून काढल्या. त्यानं अडवलं नाही. "काढ. पण गेलेल्या मालाचं काय करणार? साइट गिऱ्हाइकाचा नंबर दाखवत न्हाई आपल्याला. ऑर्डर बंद झाली की चॅट पण बंद."

तेही खरं होतं. वॉरंटी कार्डावर तिचा नंबर होता, तिच्याकडं कुणाचा नव्हता. ज्यांनी फोन केला होता तेवढेच. या मॉडेलसाठी एकीनंच केला होता.

*

परतावा.

तिनं बबिताला फोन लावला. सिद्धाराम बोर्डं गोळा करत होता, आवाज न करता.

"हॅलो, मी केजवरून स्वप्नाली. लॅपटॉपवाली."

"बोला." आवाज ओळखीचा होता, पण त्यातलं ताई गेलं होतं.

"तुमचं खरं होतं. लॅपटॉपमधीच दोष हाय. थंडीत चालू होत न्हाई. मी इथं फ्रीजात ठेवून बघितलं."

पलीकडून, लांबून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"मी तुमचे सगळे पैसे परत करते. साइटकडून न्हाई, मी सोता पाठवते. कुरिअरवाला घरी येईल, तुमाला कुठं जायला लागणार न्हाई. माझी चूक झाली. मी हसायला नको होतं."

"आता काय उपयोग हाय ओ?"

"म्हणजे?"

"माझं एका लॉजचं काम गेलं. सकाळचं बुकिंग सकाळीच टाकावं लागतं, ऊन कवा येतंय त्याची कोण वाट बघंल? दुसऱ्यानं ठेवलंय मला, तिथं त्यांचाच कॉम्प्युटर हाय, जाऊन बसते."

"मग लॅपटॉप पाठवून द्या. पैसे मी आजच..."

"लॅपटॉप न्हाई माझ्याकडं. इकला."

स्वप्नाली उठून उभी राहिली. "कुणाला?"

"जुन्या सामानाची ती दुसरी साइट असती बघा, त्याच्यावर टाकला. एक पोरगी आली वडिलांबरोबर, दुपारची. चालू करून बघितला, घेऊन गेली. वाईहून वर कुठंतरी राहतात म्हणाली, डोंगराकडं."

"त्यांना सांगितलं का तुमी? सकाळी चालू होत न्हाई ते?"

"तुमी सांगितलं होतं का मला?"

स्वप्नाली पुन्हा खाली बसली. बबिता पुन्हा बोलली तेव्हा तिचा आवाज खाली आला होता.

"आन सांगायचं तरी काय ओ ताई. तुमचा व्हिडिओ हाय, साइटचा कागद हाय, दोष न्हाई म्हणून. मला वाटायला लागलं माझंच कायतरी चुकतंय. मला तसलं लिहायला येत न्हाई, म्हणून तुमचंच टाकलं. सगळं तसंच्या तसं. वॉरंटीची ओळ तेवढी काढली. फोटो पण तुमचेच."

"त्या मुलीचा नंबर?"

"त्या साइटवर बोलणं झालतं, इकल्यावर मी अॅप काढून टाकलं. रोख घेतले." मग, "पोरगी लई खूश होती. स्पेस बार बघून म्हणली, बघा पप्पा, लिहिल्यासारखंच हाय."

*

जाहिरात अजून होती. स्वप्नालीनं आपल्या वर्णनातली दोन वाक्यं टाकून शोधली, तेव्हा सापडली. वर बबिताचं नाव, गाव पाचगणी, आडवा लाल शिक्का: विकले गेले. खाली तिची वाक्यं. नवा नाही, नव्यासारखाही नाही. पिवळट झाक. मेलेला ठिपका नाही. बोर्डाला हात लागलेला नाही.

बाकी सगळी वाक्यं खरी होती. ती खरी होती म्हणून या शेवटच्यावर कुणी शंका घेतली नाही. तिनंही नाही.

विकल्या गेलेल्या जाहिरातीखाली कुणाला काही लिहिता येत नाही. विकत घेणाऱ्याचं नाव दिसत नाही. एकच बटण चालू होतं, तक्रार नोंदवा. तक्रार नोंदवली तर साइट घेणाऱ्याला कळवते, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. म्हणजे त्या मुलीपर्यंत पोचायचा हा एक रस्ता होता.

तिनं बटण दाबलं. कारण निवडा. तिनं निवडलं, वस्तूचं वर्णन चुकीचं आहे. कोणतं वाक्य चुकीचं आहे? तिनं ते वाक्य टाकलं. तुम्हाला हे कसं माहीत? तिनं लिहिलं, हे वर्णन माझं आहे. मग लिहिलं, लॅपटॉप आम्हीच विकला होता, बोर्ड भाजलेलं आहे, थंडीत चालू होत नाही, घेणाऱ्यांनी मला या नंबरवर फोन करावा, मी पैसे परत देईन.

पुढचं पान आलं. वर्णन चुकीचं देणारी व्यक्ती. नाव आधीच भरलेलं होतं, बबिताचं. ते बदलता येत नव्हतं. खाली लिहिलं होतं, या व्यक्तीवर फसवणुकीची नोंद होईल आणि तिला या साइटवर पुन्हा विक्री करता येणार नाही. पुढे जायचं का?

सिद्धाराम तिच्या मागं येऊन उभा होता. त्यानं वाचलं.

"राहू दे," तो म्हणाला.

तिनं बोट तिथंच ठेवलं. बाहेर आप्पाराव कुणाला तरी सोड्याची बाटली फोडून देत होते. वर पत्रा तापून कडकड वाजत होता. डोंगराकडच्या त्या घरात थंडी पडायला अजून वेळ होता.

तिनं पुढे जायचं दाबलं.

पान फिरत राहिलं, मग आलं. तुमची तक्रार नोंदवली आहे. खाली बबिताचं नाव, त्याखाली तिचं वाक्य.

तिनं फोन उचलला आणि बबिताला हे सांगायचं म्हणून नंबर लावला. घंटा वाजत राहिली. मग पलीकडून कट झाला. तिनं पुन्हा लावला, तेव्हा नंबर लागलाच नाही.